लहान वर्कशॉपचा पॉवर फॅक्टर आणि कॅपॅसिटर बँक: नागपूरच्या कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा, बुटीबोरी, वाडी आणि कळमना या भागांतल्या वर्कशॉपवाल्यांकडून मला जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक जण बिलाचा फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ लिहितात, "भाऊ, एवढं कसं आलं?" उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच वर्कशॉप घेतलं आहे, म्हणजे आकडे सारखे बदलणार नाहीत. त्यात तीन लेथ, एक मिलिंग, एक शेपर, एक पॉवर प्रेस, एक ड्रिल, दोन बेंच ग्राइंडर आणि १० एचपीचा कॉम्प्रेसर आहे. सगळं मिळून साडेअडतीस एचपी होतं, म्हणजे सुमारे २९ किलोवॉट.

प्र. १. पॉवर फॅक्टर कमी आहे म्हणजे नक्की काय कमी आहे?

मोटारीला दोन कामांसाठी करंट लागतो. एक भाग शाफ्ट फिरवतो, दुसरा आत चुंबकीय क्षेत्र उभं करतो. दुसऱ्या भागातली ऊर्जा खर्च होत नाही, ती मोटार आणि लाइन यांच्यात ये-जा करत राहते. पण त्या ये-जा करण्यासाठी केबल, ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर अडकून पडतात. कामाचा भाग किलोवॉटमध्ये मोजतात, ये-जा करणारा केव्हीएआरमध्ये, आणि दोन्ही मिळून लाइनवर जो बोजा पडतो तो केव्हीएमध्ये. किलोवॉटला केव्हीएने भागलं की पॉवर फॅक्टर मिळतो. आपल्या वर्कशॉपचा तो ०.७२ आहे. म्हणजे लाइनवरून १०० केव्हीए घेतले तर त्यातले ७२ कामाला लागतात.

कॅपॅसिटर ही ये-जा स्वतःकडे घेतो. मोटारीला लागणारे केव्हीएआर ती शेजारच्या कॅपॅसिटरकडून घेते, महावितरणच्या लाइनवरून घेत नाही. मोटारीचं स्वतःचं वागणं मात्र तसूभरही बदलत नाही. मोटारीच्या टर्मिनलवर टंग टेस्टर लावला तर कॅपॅसिटरआधी आणि नंतर आकडा तोच दिसतो. फरक दिसतो तो मेन केबलवर.

प्र. २. बिलावर हे कुठे दिसतं? माझं मीटर फास्ट तर नाही ना?

मीटर फास्ट असल्याची शंका दहातल्या नऊ जणांना येते आणि बहुधा ती खोटी निघते. बिलाच्या वाचन तक्त्यात चार रकाने शोधा: KWH, KVAH, RKVAH (LAG) आणि RKVAH (LEAD). आपल्या वर्कशॉपच्या एका महिन्याच्या बिलात KWH ३,९०० आहे, KVAH ५,४२० आणि लॅग, म्हणजे मोटारींनी लाइनवरून घेतलेल्या केव्हीएआरचा रकाना, ३,७६४. ३,९०० भागिले ५,४२० केलं की ०.७२ येतो.

आता ऊर्जा आकार कोणत्या युनिटवर लावला आहे ते पहा. उच्चदाब ग्राहकांना महावितरण १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल देते. लघुदाबात तुमच्या वर्गवारीला कोणतं युनिट लागू आहे ते बिलाच्या आकार तपशिलात वाचा. तिथे केव्हीएएच असेल तर वरच्या उदाहरणात ३,९०० युनिटांचं काम करून ५,४२० युनिटांचे पैसे जात आहेत. भार २० किलोवॉटच्या वर असेल तर मागणी आकारही केव्हीएवर लागतो, म्हणजे तिथेही तोच फटका बसतो. ऊर्जा आकार केडब्ल्यूएचवर असेल आणि मागणी आकारही नसेल, तर कॅपॅसिटरच्या पैशांची परतफेड बिलातून दिसणार नाही. अशा वर्कशॉपला मी घाई करू नका असंच सांगतो.

प्र. ३. मोटारी नव्या आहेत, चांगल्या कंपनीच्या आहेत. तरी ०.७२ कसा?

नेमप्लेटवरचा ०.८२ किंवा ०.८५ हा पूर्ण लोडवरचा आकडा असतो. चुंबकीय करंट लोड असो वा नसो जवळपास तेवढाच राहतो, कमी होतो तो फक्त कामाचा करंट. त्यामुळे लोड उतरला की पॉवर फॅक्टर कोसळतो. ३ एचपीची लेथ मोटार चालू आहे, चक फिरतोय, पण ऑपरेटर जॉब मोजतोय. त्या घडीला तिचा पॉवर फॅक्टर ०.२ ते ०.३ असतो. जॉबवर टूल लागलं की चढतो, उचललं की पडतो. दिवसभरात टूल प्रत्यक्ष लोखंडात असतं किती वेळ, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

म्हणून कॅपॅसिटर घेण्याआधी एक फुकटचा उपाय करा. रिकाम्या फिरणाऱ्या मोटारी बंद ठेवा, आणि २ एचपीच्या कामाला "असू दे, पडून होती" म्हणून बसवलेली ५ एचपीची मोटार बदला. रिवाइंड केलेल्या मोटारींवरही लक्ष ठेवा. जुनं वाइंडिंग जाळून काढताना स्टॅम्पिंग तापलं, किंवा टर्न कमी पडले, तर नो-लोड करंट वाढतो. रिवाइंडिंगला देण्याआधी तो मोजून शटरवर खडूने लिहून ठेवा आणि मोटार परत आल्यावर पुन्हा मोजा.

प्र. ४. मला किती केव्हीएआरचा बँक लागेल?

दुकानदार बहुधा जोडलेल्या एचपीवरून सांगतो. "अडतीस एचपी आहे ना, पंचवीस केव्हीएआर टाका." हा हिशेब चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. कॅपॅसिटर लागतो तो एका वेळी चालणाऱ्या मोटारींना, यादीतल्या मोटारींना नाही. सूत्र असं:

```
kVAr = kW × (tan φ1 − tan φ2)
```

यातला पहिला tan काढायला टेबल लागत नाही. बिलावरचा लॅग भागिले केडब्ल्यूएच केलं की तो मिळतो. ३,७६४ भागिले ३,९०० म्हणजे ०.९६. लक्ष्य ०.९८ ठेवलं तर दुसरा tan ०.२० धरायचा. फरक ०.७६ आला. वर्कशॉप महिन्यात २६ दिवस, रोज ९ तास, म्हणजे २३४ तास चालतं. ३,९०० ला २३४ ने भागलं की सरासरी १६.७ किलोवॉट निघतात आणि त्यावरून सरासरी गरज १२.७ केव्हीएआर.

पण सरासरीवर थांबू नका. गर्दीच्या वेळी, म्हणजे साधारण सकाळी अकराला कॉम्प्रेसर, प्रेस आणि सगळ्या लेथ एकत्र चालू असतात तेव्हा, मेनवर पॉवर अ‍ॅनालायझर लावून मोजा. आपल्या वर्कशॉपमध्ये त्या वेळी २२ किलोवॉट आणि २० केव्हीएआर दिसले, म्हणजे २९.७ केव्हीए. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फक्त कॉम्प्रेसर आणि एक ग्राइंडर चालू होते, तेव्हा केव्हीएआर ५ च्या आसपास उतरले. बँकेला या दोन टोकांमध्ये जगायचं आहे. वरच्या टोकाला २२ किलोवॉटवर ०.९८ हवा तर साडेचार केव्हीएआर लाइनवरून घेतलेले चालतात, म्हणजे कॅपॅसिटरकडून साडेपंधरा हवेत. खालच्या टोकाला पाचपेक्षा जास्त असता कामा नये.

आम्ही कॉम्प्रेसरला स्वतंत्र ४ केव्हीएआर दिला आणि उरलेल्यासाठी १, २, ५, ५ अशा चार स्टेप्सचं ऑटोमॅटिक पॅनेल बसवलं. छापील बेरीज १७ होते. प्रत्यक्षात ती १५ च का भरते ते प्र. ५ मध्ये आहे. त्यानंतर गर्दीच्या वेळी मेनवर २२.५ केव्हीए दिसले. महिन्याचे केव्हीएएच ५,४२० वरून ४,००० च्या आसपास आले. हिशेबापुरता युनिटचा दर ८ रुपये धरला तर महिन्याला अकरा हजारांच्या आसपास फरक पडतो. तुमचा दर तुमच्या बिलावरून टाका.

प्र. ५. १० केव्हीएआरचा घेतला, मोजला तर ९ सुद्धा भरत नाही. फसवलं का?

नाही. डब्यावर ४४० व्होल्ट छापलेलं असतं आणि तुमच्याकडे ४१५ येतात. कॅपॅसिटरचे केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. ४१५ भागिले ४४० चा वर्ग ०.८९, म्हणून १० चे ८.९ होतात. उलटही तितकंच खरं आहे. रात्री लाइनचं व्होल्टेज चढलं की तोच कॅपॅसिटर जास्त केव्हीएआर देतो, आणि नेमकी ती त्याची गरज नसलेली वेळ असते.

प्र. ६. साधा फिक्स कॅपॅसिटर मेनवर टाकून दिला तर? ऑटोमॅटिक पॅनेलचा खर्च कशाला?

हा धडा मी स्वतःच्या हातून झालेल्या चुकीतून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका वर्कशॉपला मी १५ केव्हीएआरचा फिक्स कॅपॅसिटर मेन स्विचवर जोडून दिला. दिवसा मेनवर ०.९८ दिसला, मालक खूश, चहा झाला. पुढच्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं आणि बिल न बोलता पुढे सरकवलं. केव्हीएएच दुपटीच्या जवळ गेले होते.

झालं असं होतं की संध्याकाळी सहाला मशीन बंद व्हायच्या आणि कॅपॅसिटर चालूच राहायचा. रात्री वॉचमनचा पंखा आणि दोन ट्यूबलाइट सोडल्या तर लोड नव्हता. १५ चे प्रत्यक्ष १३.३ केव्हीएआर लाइनला उलटे परत जात होते. महिन्याच्या ७२० तासांतून कामाचे २३४ वजा केले की ४८६ तास उरतात. १३.३ गुणिले ४८६ म्हणजे जवळपास साडेसहा हजार. ही सगळी भर लीडच्या रकान्यात पडली. मीटर लॅग आणि लीड दोन्ही धरून केव्हीएएच मोजतं, उलट्या दिशेचे केव्हीएआर तिथे माफ होत नाहीत. दिवसाचे वाचवलेले हजार-दीड हजार युनिट रात्रीने गिळले आणि वर पाच हजार मागितले.

त्यामुळे मेनवर फिक्स जोडायचा असेल तर तेवढाच, जेवढी गरज २४ तास आणि रविवारीही असते. बहुतेक वर्कशॉपमध्ये ती शून्य असते. रोज संध्याकाळी कोणीतरी हाताने स्विच पाडेल या भरवशावर राहू नका. पहिले दोन आठवडे पाडतात. दुसरा मार्ग म्हणजे कॅपॅसिटर मोटारीसोबतच चालू-बंद होईल असा जोडणं (प्र. ७). मोटारी तीन-चारच असतील तर मला तोच मार्ग आवडतो. मोटारी अनेक असतील आणि वेगवेगळ्या वेळी चालत असतील, तर एपीएफसी, म्हणजे ऑटोमॅटिक पॅनेल. त्यातला रिले दर मिनिटाला लाइन बघून स्टेप्स टाकतो आणि काढतो. रिलेवर लक्ष्य ०.९८ लॅग ठेवा. १.०० ठेवलं तर सर्वात लहान स्टेप सारखी आत-बाहेर होत राहते आणि तिचा कॉन्टॅक्टर लवकर संपतो.

प्र. ७. कॅपॅसिटर थेट मोटारीवर जोडायचा तर किती मोठा आणि कुठे?

स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला. म्हणजे मोटार बंद झाली की तोही लाइनवरून सुटतो. मर्यादा एकच आहे, पण ती पाळावीच लागते: मोटारीच्या नो-लोड केव्हीएआरच्या ९० टक्क्यांपेक्षा मोठा नको. ५ एचपीच्या मिलिंग मोटारीचा नो-लोड करंट ३.२ अ‍ॅम्पिअर मोजला. १.७३२ गुणिले ०.४१५ गुणिले ३.२ म्हणजे २.३ केव्हीएआर, आणि त्याचे ९० टक्के २.१. डब्यावर २ छापलेला घ्या.

मर्यादा ओलांडली तर स्विच पाडल्यावर, मोटार अजून फिरत असताना, ती कॅपॅसिटरच्या जोरावर स्वतःच जनरेटर बनते आणि टर्मिनलवर लाइनपेक्षा जास्त व्होल्टेज उभं राहू शकतं. जड फ्लायव्हीलच्या पॉवर प्रेसवर हे जास्त वेळ चालतं, कारण ती थांबायला वेळ घेते.

ओव्हरलोड रिलेच्या पुढे कॅपॅसिटर जोडला तर रिलेमधून आता कमी करंट जातो, म्हणून त्याची सेटिंग नवा करंट मोजून खाली आणा. हे विसरलं तर मोटार ओव्हरलोड होऊनही रिले ट्रिप होत नाही. आपला १० एचपीचा कॉम्प्रेसर स्टार-डेल्टावर आहे. तिथे थेट मोटारीवर न जोडता, डेल्टा कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून चालणारा वेगळा कॅपॅसिटर कॉन्टॅक्टर दिला. मोटार पूर्ण डेल्टात आली की ४ केव्हीएआर लागतो, थांबवली की आधी तो सुटतो. त्या मोटारीचा नो-लोड करंट ५.५ अ‍ॅम्पिअर होता. वरचाच हिशेब करून पाहा, ४ बरोबर बसतो. उलटसुलट चालणाऱ्या, किंवा प्लगिंगने थांबवणाऱ्या मोटारींवर थेट कॅपॅसिटर नको. त्यांना पॅनेलवरच ठेवा.

प्र. ८. एपीएफसी पॅनेल बसवलं, सगळ्या स्टेप्स लागलेल्या दिसतात, तरी बिलात पॉवर फॅक्टर वाईटच. का?

बहुतेक वेळा सीटी, म्हणजे लाइनचा करंट मोजून रिलेला कळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, चुकीच्या जागी असतो. रिले डोळे झाकून सीटीवर विश्वास ठेवतो. सीटी मीटरनंतर, पण मशीन आणि कॅपॅसिटर दोन्हींच्या वायरी वेगळ्या होण्याआधी, मुख्य बसबारवर हवा. तो फक्त मशीनच्या फीडरवर बसवला तर कॅपॅसिटर किती टाकले ते रिलेला कधीच दिसत नाही. त्याला लॅग दिसतच राहतो आणि तो एकेक करत सगळ्या स्टेप्स टाकतो. पॅनेलवर ०.७२, बिलावर लीड.

तपासायला अर्धा तास पुरतो. सगळ्या स्टेप्स मॅन्युअलवर बंद करा, एक लेथ रिकामी फिरवा. रिलेने लॅग आणि कमी आकडा दाखवला पाहिजे. लीड दाखवत असेल तर सीटीची एस१-एस२ उलटी आहे, किंवा सीटी एका फेजवर आणि व्होल्टेज भलत्याच फेजवरून घेतलं आहे. बहुतेक रिलेंना सीटी आर फेजवर असेल तर व्होल्टेज वाय आणि बी कडून लागतं, पण तुमच्या रिलेच्या डब्यातली आकृती शेवटचा शब्द. नंतर सगळ्या लेथ चालू करून हाताने एक मोठी स्टेप टाका. रिलेवरचा आकडा सुधारला पाहिजे. जागचा हलला नाही, तर सीटी चुकीच्या बाजूला आहे. एक सावधगिरी ठेवा: मेन चालू असताना सीटीच्या वायरी कधीही उघड्या सोडू नका, आधी शॉर्ट करा. उघड्या सीटीवर जीवघेणं व्होल्टेज येतं.

सीटी बरोबर असेल तर कॅपॅसिटरच मेलेले असतील. लाइट लागतो, कॉन्टॅक्टर ओढतो, करंट मात्र नाही. त्यासाठी प्र. ९ पाहा.

प्र. ९. कॅपॅसिटर चांगला आहे की मेला, हे कसं ओळखायचं?

टंग टेस्टर पुरेसा आहे. ४४० व्होल्टचा ५ केव्हीएआर डबा ४१५ वर दर फेजला ६.२ अ‍ॅम्पिअर घेतो, १० चा डबा १२.४. तिन्ही फेजवर मोजा आणि डब्यावर मार्करने तारीख टाकून लिहा. वर्षभराने ६.२ चे ३.८ झाले तर तुमचा ५ चा डबा आता ३ चा उरला आहे. एक फेज शून्य आणि बाकी दोन चालू दिसली तर त्या फेजचा बाहेरचा फ्यूज गेला. आकडा ६.२ ऐवजी ८ च्या पुढे दिसला तर तेही वाईटच, मग प्र. ११ वाचा.

सेल्फ-हीलिंग कॅपॅसिटर एकदम मरत नाहीत, झिजतात. फिल्मवर जिथे पंक्चर होतं तिथलं धातूचं आवरण उडून जातं आणि डबा चालू राहतो, फक्त थोडा छोटा होऊन. असं शेकडो वेळा झालं की क्षमता उतरलेली कळते. वरचं झाकण फुगलं असेल तर मोजत बसू नका, काढा. ते झाकण फुगून आतली जोडणी तोडण्यासाठीच तसं बनवलेलं असतं.

हात लावण्याआधी स्विच पाडून किमान पाच मिनिटं थांबा, मग मीटरने व्होल्टेज बघा, मगच टर्मिनल शॉर्ट करून काम करा. डिस्चार्ज रेझिस्टर जळालेला असेल तर पाच मिनिटांनीही डब्यात चार्ज शिल्लक असतो.

प्र. १०. दर उन्हाळ्यात एक-दोन डबे जातात. कंपनी बदलू का?

आधी जागा बदला. या डब्यांवर "-२५/डी" अशी खूण असते. त्याचा अर्थ भोवतालची हवा कमाल ५५ अंश, २४ तासांची सरासरी ४५ आणि वर्षाची सरासरी ३५ पर्यंतच. मे महिन्यात नागपुरात बाहेरच ४५ असतात. टिनाच्या शेडखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं पॅनेल आतून ५५ सहज ओलांडतं. पॅनेल सावलीच्या भिंतीवर घ्या, खाली जाळी आणि वर एक्झॉस्ट फॅन द्या, डब्यांमध्ये बोटभर तरी अंतर सोडा आणि जाळीवरची ग्राइंडिंगची धूळ महिन्यातून एकदा झटका. पॅनेलमध्ये कूलरची हवा सोडणारे भेटतात. ते करू नका, ओलसर हवेने बसबारवर गंज आणि धूळ मिळून चिखल होतो.

दुसरं कारण कॉन्टॅक्टर. कॅपॅसिटर टाकताना क्षणभर खूप मोठा करंट ओढला जातो, आणि शेजारच्या चार्ज असलेल्या स्टेप्स त्याला आणखी ढकलतात. साध्या मोटार कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट यात वेल्ड होतात. कॅपॅसिटर ड्यूटी कॉन्टॅक्टर घ्या, ज्याच्या बाजूला रेझिस्टरच्या बारीक वायरींची वेटोळी दिसतात. केबल आणि फ्यूज डब्याच्या करंटच्या दीडपट धरा. आणि एकदा काढलेली स्टेप साठ सेकंदांच्या आत परत टाकू नका. ही वेळ रिलेमध्ये सेट होते.

प्र. ११. माझ्याकडे एक सीएनसी आणि दोन व्हीएफडी आहेत. त्यांना कॅपॅसिटर लागेल का?

व्हीएफडी आणि मोटार यांच्यामध्ये कॅपॅसिटर कधीही नको. दोघांपैकी एक नक्की जातो. व्हीएफडीला चुंबकीय केव्हीएआर लाइनवरून घ्यावे लागत नाहीत, म्हणून त्या मोटारी प्र. ४ च्या हिशेबातून वगळाच.

त्रास वेगळा आहे. व्हीएफडी लाइनमधून करंट तुकड्यातुकड्यांत ओढते. त्यातून २५० आणि ३५० हर्ट्झचे हार्मोनिक्स तयार होतात आणि कॅपॅसिटर त्यांना चांगली वाट देतो. ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर मिळून त्यातल्या एखाद्या हार्मोनिकवर रेझोनन्सला गेले तर डबा गुणगुणतो, तापतो आणि करंट रेटिंगच्या १.३ पट ओलांडतो. हेच प्र. ९ मधलं ८ अ‍ॅम्पिअर. हे बघायला ट्रू आरएमएस टंग टेस्टर लागतो, साधा कमी दाखवतो.

एकूण लोडमध्ये ड्राइव्हचा भाग मोठा असेल तर प्रत्येक स्टेपला ७ टक्के डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर द्या. तो जोडीला १८९ हर्ट्झवर बसवतो, म्हणजे २५० च्या खाली. रिअ‍ॅक्टरमुळे डब्यावर ४१५ ऐवजी ४४६ व्होल्ट येतात, म्हणून त्याच्यासोबत ४८० किंवा ५२५ व्होल्टचे डबे घ्यावे लागतात. जुन्या ४४० च्या डब्यांपुढे नुसता रिअ‍ॅक्टर बसवून पैसे वाचवणारे दोन पॅनेल मी पाहिले आहेत. दोन्हीकडे डबे आधीपेक्षा लवकर गेले.

प्र. १२. वेल्डिंग सेट लावला की पॉवर फॅक्टर पडतो. पॅनेलला का जमत नाही?

तेलाचा ट्रान्सफॉर्मर सेट दोन फेजवर चालतो आणि आर्क काही सेकंदांत येतो-जातो. रिले साठ सेकंदांच्या विलंबाने स्टेप टाकेपर्यंत वेल्डर रॉड बदलत असतो. शिवाय पॅनेलचे तीन फेजचे डबे तिन्ही फेजना सारखंच देतात आणि सीटी बघतो एकच फेज. अशा सेटला प्रायमरीवर, त्याच दोन फेजमध्ये, त्याच्या स्विचच्या पुढे स्वतःचा कॅपॅसिटर द्यावा. सेट बंद, कॅपॅसिटर बंद. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनला हा उपाय लागू नाही, ती प्र. ११ च्या घराण्यातली.

प्र. १३. छतावर सोलर बसवल्यावर पॉवर फॅक्टर ०.४ वर आला. एपीएफसी पॅनेल बिघडलं का?

पॅनेल ठीक असू शकतं, भागाकार बदलला आहे. सोलर इन्व्हर्टर सहसा फक्त किलोवॉट देतो. आपल्या वर्कशॉपला सरासरी १६.७ किलोवॉट आणि १६ केव्हीएआर लागतात. दुपारी सोलरने १० किलोवॉट दिले तर लाइनवरून ६.७ किलोवॉट येतील, केव्हीएआर मात्र १६ चे १६ राहतील. कॅपॅसिटर नसेल तर मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर ०.३९. मोटारी तशाच आहेत, वर्कशॉपही तेच आहे.

इथे ०.९८ चं जुनं गणित कमी पडतं. ६.७ किलोवॉटवर ०.९८ साठी जेमतेम १.४ केव्हीएआर लाइनवरून घेता येतात, म्हणून लहान स्टेप्स जास्त लागतात. आमच्या १-२-५-५ मध्ये आम्ही नंतर आणखी एक २ चा डबा टाकला, तो याचसाठी. सीटी मीटर आणि सोलरचं जोडणीचं ठिकाण यांच्यामध्ये हवा. रविवारी वीज बाहेर जाते तेव्हा करंटची दिशा उलटते आणि साधा रिले गोंधळतो, लॅगला लीड समजतो. तिथे चार क्वाड्रंटचा रिलेच घ्या. काही इन्व्हर्टर केव्हीएआरही देऊ शकतात. तुमच्या इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये ती सोय असेल तर नवा डबा घेण्याआधी इन्स्टॉलरला विचारा.

प्र. १४. प्लगमध्ये खोचायचं "पॉवर सेव्हर" घेतलं तर हेच काम होईल ना?

नाही. त्या डबीत लहानसा कॅपॅसिटर आणि एक एलईडी असते. घरगुती बिल केडब्ल्यूएचवर येतं, तिथे वाचण्यासारखं काही नसतं. वर्कशॉपमध्ये तिची क्षमता लेथच्या एका मोटारीलाही पुरत नाही. मोठ्या बँकेनेही केडब्ल्यूएच फारसे उतरत नाहीत, फक्त पॅनेलपासून मीटरपर्यंतच्या केबलमधली उष्णता थोडी घटते. "तीस टक्के युनिट वाचतील" असं कोणी सांगत असेल तर कोणतं युनिट ते विचारा.

प्र. १५. एप्रिल ते जून पॉवर फॅक्टर आपोआप घसरतो. मशीन तर तीच आहेत.

कूलर मोजा. एका शेडमध्ये सहा-आठ डेझर्ट कूलर, प्रत्येकात पंख्याची आणि पंपाची छोटी सिंगल फेज मोटार. त्यांचा पॉवर फॅक्टर मुळातच वाईट असतो आणि ते बहुधा जवळच्या एकाच फेजवर जोडलेले असतात. ती फेज सीटीची असेल तर रिले गरजेपेक्षा जास्त टाकतो, नसेल तर कमी. कूलर तिन्ही फेजवर वाटून घ्या. त्यानंतरही घसरण राहिली तर प्र. ९ प्रमाणे डबे मोजा, कारण उन्हाळ्यात कूलर लागतात त्याच दिवसांत डबेही जातात, आणि बिलावर दोन्ही कारणं एकाच आकड्यात येतात.